ठमीचा कीबोर्ड

ठमीची आई काळजी करायला बसली की तिला कुणाची मदत लागत नसे. ठमी एकदा शिंकली की सर्दी, दोनदा शिंकली की छातीत कफ, आणि शिंकलीच नाही तर ही आज शिंकली कशी नाही, अशी तिची वाटचाल असायची. लग्नाआधी ती अशी नव्हती, असं ठमीचा बाबा शपथेवर सांगायचा. कॉलेजात म्हणे ती परीक्षेच्या आदल्या दिवशीही ढाराढूर झोपायची. पण ठमी झाली आणि तिच्या अंगात जणू एक पहारेकरीच येऊन बसला. तो ना जेवायचा ना झोपायचा.

ठमीचं जन्मदाखल्यावरचं नाव चांगलं लांबलचक आणि अर्थपूर्ण होतं. पण त्या गालांकडे बघून ते नाव कुणाच्या तोंडात टिकेना. आजीनं पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ही कसली गं! ही तर ठमी!" तेव्हापासून ती ठमी.

आता ठमीच्या आईची रजा संपली होती. ती एका कानाच्या दवाखान्यात श्रवण तपासणीचं काम करायची. तिथे एक ध्वनिरोधक खोली होती. आत हेडफोन लावून पेशंट, बाहेर काचेपाशी यंत्रावर ही. पेशंटला बारीकबारीक आवाज ऐकवायचे आणि त्याला कुठवर ऐकू येतं ते टिपायचं. तपासणी चालू असताना फोन घ्यायची सोय नव्हती, बोलायचीही नव्हती. फोन आवाज बंद करून अर्ध्या उघड्या खणात ठेवायचा आणि दोन पेशंटांच्या मध्ये त्यावर नजर टाकायची, एवढंच.

म्हणून ठमीकडे बघायला आजी आली. ठमीची आजी म्हणजे बाबाची आई. उभा जन्म तिनं एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्यात घालवला होता. तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर रुंद आणि गुळगुळीत झालं होतं. ती स्वतःचं घर बंद करून, कुंड्या शेजारणीला सांभाळायला देऊन, दोन पिशव्यांनिशी हजर झाली. "माझी नात परक्याच्या हातात कशाला?" एवढंच म्हणाली.

परक्याचा हातही तयार होता. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर होतं. स्वच्छ, हवेशीर, आणि मधल्या सुट्टीत धावत जाऊन ठमीला बघून यावं इतकं जवळ. पाळणाघरवाल्या बाईंनी शनिवारपर्यंत एक जागा अडवून ठेवते म्हणून सांगितलं होतं. "आठवडाभर बघू घरी कसं काय जमतं ते," ठमीची आई जेवताना नवऱ्याला म्हणाली होती. "मला दिवसभर कळत राहिलं ना, की दूध प्यायली, झोपली, तर मी निश्चिंत कामावर जाईन. नाहीतर मग पाळणाघर."

आजी तेव्हा वाढत होती. तिनं ऐकलं आणि आमटीचा डाव हलवला.

कळवायचं कसं, हा प्रश्न होता. फोन करून उपयोग नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, तर आजीचा आवाज चार शिवणयंत्रांच्या वर चढायला शिकलेला, पाळण्याशेजारी एक वाक्य बोलली की ठमी टक्क जागी. फोटो पाठवून बघितले, तर त्यात बहुतेक वेळा पंखा यायचा. राहता राहिलं लिहिणं. आजीला लिहिता-वाचता उत्तम यायचं, फक्त फोनवर लिहायची सवय नव्हती.

"मी देते ना सगळं लावून," म्हणत रविवारी ठमीची आई आजीचा फोन घेऊन बसली. फोनची रिंग आणि थरथर बंद केली. कीबोर्डचा टिकटिक आवाज बंद केला. आणि मग हात थांबेनात. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवरच्या चाकाच्या चिन्हावर बोट ठेवून ती सेटिंगमध्ये शिरली आणि थीममध्ये गेली. तिथे निळ्या, हिरव्या, काळ्या रंगांच्या चौकटी होत्या, आणि स्वतःचा फोटो लावायचीही सोय होती. तिनं ठमीचा सगळ्यात गोड फोटो निवडला. कीबोर्डची जागा आडवी आणि बुटकी, त्यामुळे फोटो कापताना टोपडं गेलं, हनुवटी गेली, आणि उरला तो नुसता चेहरा. दोन टपोरे डोळे, चिमुकलं नाक आणि गालच गाल. उजेड कमीजास्त करायची पट्टी होती, ती तिनं सरकवून फोटो लख्ख केला. शेवटी बटणांना कडा दाखवायच्या का, असा एक चालू-बंद करायचा खटका आला. तिनं चालू करून बघितलं, तर ठमीचा चेहरा चौकटीचौकटींच्या जाळीमागे गेला. "शी! तुरुंगात घातल्यासारखी दिसते," म्हणून तिनं कडा बंद केल्या.

"आई, हे बघा."

आजीनं चष्मा पुढे ओढला. "अगं बाई! ही इथे कुठे येऊन बसली?"

"आता लिहिताना ठमी सतत तुमच्या डोळ्यांपुढे."

आजीनं फोन छातीशी धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं ठमीच्या आईला वाटलं, आणि आपण फार छान काम केलं असंही वाटलं.

सोमवारी पहिला निरोप आला.

"पोट भरलं."

ठमीच्या आईनं हुश्श केलं. पुढच्या पेशंटनंतर दुसरा.

"ठमी शांत आहे."

शांत? ठमी आणि शांत? ठमी जागी असली की घर डोक्यावर घ्यायची. ही शांत का आहे? तिनं झटकन लिहिलं, 'झोपली का?'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "हो. शांत."

'दूध किती प्यायली?'

"बाटली रिकामी."

'प्यायली की सांडली?'

यावर उत्तरच नाही. ठमीची आई यंत्राच्या आकड्यांकडे बघत होती, पण तिला दिसत होती ती जमिनीवर सांडलेली बाटली आणि त्यात घसरलेली आजी. संध्याकाळी घरी येऊन बघते तर जमीन कोरडी, आजी ठणठणीत, आणि ठमी तोंडात मोजा कोंबून खुशीत.

"आई, जरा सविस्तर लिहा ना," ती म्हणाली. "झोपली तर झोपली म्हणून लिहा. मला किती घोर लागतो!"

"लिहिते की," आजी पुटपुटली. "बोटं चुकतात गं माझी."

"आई, तार पाठवतेस का?" ठमीचा बाबा हसला. "आता शब्दाला पैसे नाही पडत!"

"तू गप रे. तुझ्या शाळेतली पत्रं वाचलीत मी. 'मी मजेत, तुम्ही कसे' याच्या पुढे तुझी गाडी कधी गेली नाही."

सगळे हसले. पण ठमीच्या आईतल्या पहारेकऱ्याला हसू आलं नाही. त्याचं लक्ष आजीच्या हाताकडे होतं. आजीनं फोन ओट्यावर ठेवला तो उताणा, हलक्या हातानं, एखादं भांडं सांडू नये तसा. आणि त्यावर चुकूनही पिठाचा हात लावला नाही.

मंगळवारीही तेच. "पोट भरलं." "शांत आहे." "मजेत." सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर म्हणून नाही. झोपली का, तर "पापण्या मिटल्या." रडली का, तर "किंचित." आणि प्रत्येक निरोपाआधी पडद्यावर 'लिहीत आहे... लिहीत आहे...' असं दिसत राहायचं, थांबायचं, परत दिसायचं, आणि शेवटी त्यातून दोन शब्द बाहेर पडायचे. एवढा वेळ ही बाई लिहिते काय आणि खोडते काय?

बुधवारी रात्रीची भांडी विसळताना तिनं नवऱ्याला गाठलं. "तुझी आई माझ्यापासून काहीतरी लपवतेय."

"आई? तिनं आयुष्यात एकच गोष्ट लपवली, माझी पतंगाची चरखी. तीसुद्धा दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगून टाकली."

"मग सरळ का लिहीत नाहीत? 'झोपली' लिहायला काय जातं? सोमवारपासून एकदाही त्यांनी 'झोपली' लिहिलेलं नाही. 'दूध' लिहिलेलं नाही. काहीतरी होत असणार दिवसा. ठमी झोपत नसेल. दूध टाकत असेल. मला वाईट वाटेल म्हणून..."

"किंवा तिला टायपिंग येत नाही."

"मग त्यांच्या भरवशावर दिवसभर कसं राहायचं सांग. काही कमीजास्त झालं आणि त्यांना कळवताच आलं नाही तर?"

त्यानं हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं. मग हळूच म्हणाला, "तसं असेल तर पाळणाघरवाल्या बाईंना हो म्हणून टाक. पण आईला सांगणार तू. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

बाहेरच्या खोलीत आजी ठमीला थोपटत होती. थोपटण्याचा आवाज मध्येच थांबला आणि परत सुरू झाला.

गुरुवारी दुपारी ठमीच्या आईसमोर काचेपलीकडे एक सेवानिवृत्त मास्तर बसले होते. त्यांची तपासणी संपली, तिनं दार उघडून त्यांना बाहेर काढलं, आणि खणात डोकावली.

"ठमी शांत. हालचाल नाही. मी जवळ बसून आहे."

हालचाल नाही? म्हणजे काय? 'म्हणजे काय आई??' तिनं लिहिलं. उत्तर नाही. नियम गेला खड्ड्यात म्हणून तिनं फोन लावला. तो वाजत राहिला. म्हणजे इकडे वाजत राहिला. तिकडे तो वाजणार नव्हताच, कारण रविवारी तिनं स्वतःच्या हातानं त्याची वाचा बंद केली होती. हे तिला आठवलं तेव्हा ती जिना उतरून रस्त्यावर आली होती. दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना काय सांगितलं, पर्स घेतली की नाही, काही भान नव्हतं. मास्तर मात्र मागून मोठ्यानं विचारत होते, "कान बरे आहेत ना माझे?"

बसमध्ये बसायला जागा असून ती उभी राहिली. आपण उभं राहिलो तर बस लवकर पोचेल, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं. थांब्यापासून घरापर्यंत ती पळाली. चप्पल एका बाजूनं तुटली तशीच फरपटत पळाली. किल्ली कुलपात जाईना. एकदाची गेली.

आत पाळण्याशेजारी जमिनीवर आजी बसली होती, पाय लांब करून, मांडीवर फोन घेऊन. सुनेला बघून तिनं चटकन तोंडावर बोट ठेवलं.

ठमी झोपली होती. एक मूठ डोक्यावर, तोंड अर्धवट उघडं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक सुकलेला ओघळ. तिच्या आईनं नाकाखाली तळवा धरला. ऊनऊन श्वास लागला. परत धरला. परत लागला. ठमीनं झोपेतच नाक मुरडलं आणि कूस बदलली.

ठमीची आई तिथेच भिंतीला टेकून बसली. जीव भांड्यात पडला खरा, पण पडताना त्या भांड्याचा आवाज झाला. तिनं आजीच्या दंडाला धरलं, स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, आणि कुजबुजत भांडायला सुरुवात केली. लहान मूल असलेल्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत करावी लागतात, आणि ती जास्त झोंबतात.

"हालचाल नाही! असं कोण लिहितं आई? हालचाल नाही!"

"अगं पण नव्हतीच. चांगली गाढ..."

"माझा जीव गेला असता! बसमध्ये मी काय काय विचार केले, तुम्हाला कल्पना नाही. 'झोपली' लिहायचं! साधं, सरळ, 'झोपली'!"

"मला काय हौस आहे होय गं?" आजीचाही आवाज चिरकला. "मलाही 'झोपली'च लिहायचं होतं. चार दिवस झाले, मला 'झोपली' लिहायचंय, 'दूध प्यायली' लिहायचंय."

"मग लिहायचं ना!"

"कसं लिहू?"

"कसं म्हणजे? अक्षर दाबायचं!"

"ते अक्षर तिच्या डोळ्यात आहे!"

नळाचा थेंब पडला.

"कुणाच्या डोळ्यात?"

आजीनं मांडीवरून आणलेला फोन उघडला, निरोपाच्या जागी बोट टेकवलं. खालून ठमीचा चेहरा वर आला, लख्ख, हसरा, अक्षरांनी भरलेला. आजीनं बोट न टेकवता वरून दाखवलं. "हा बघ 'झ'. बरोब्बर डाव्या डोळ्यात. बुबुळावर. आणि हे 'द' आणि 'ध' उजव्यात. गालावरची दाबते मी, गाल काय, दिवसभर कुरवाळतोच आपण. नाकावरचं पण दाबते. पण पहिल्या दिवशी मी 'झ' दाबायला गेले, आणि बोट डोळ्यावर टेकायच्या आत माझाच डोळा मिटला बघ. नाही होत गं. तो फोटो आहे, मला कळत नाही का? मी काय खुळी आहे? पण ती बघतेय ना माझ्याकडे! अशी हसून बघतेय आणि मी तिच्या डोळ्यात अंगठा घालू?"

ठमीच्या आईनं वाकून बघितलं. 'झ' खरंच बुबुळावर होता.

"मग मी डोळ्याच्या कडेकडेनं जाते," आजी पुढे म्हणाली, आता थांबेना. "तिथे अक्षर कुठे संपतं, कुठे सुरू होतं, काही कळत नाही. खुणा न केलेल्या कापडावर कात्री चालवल्यासारखं आहे. डोळा चुकवायला अंगठा बाजूला नेला की भलतंच उमटतं. मग ते पुसा, परत लिहा, परत पुसा. मग विचार करत बसते, 'झोपली'च्या ऐवजी काय म्हणता येईल. 'शांत' सुचलं तेव्हा बरं वाटलं होतं."

"आई... मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तू एवढ्या हौसेनं लावून दिलंस. आणि तुझा नवरा म्हणाला, तार पाठवतेस का. त्यात मी सांगणार, नातीच्या डोळ्यात बोट जातं म्हणून मला लिहिता येत नाही? आणि शनिवार आलाच होता की." तिनं पदरानं फोनची काच पुसली, जिथे काही लागलेलं नव्हतं. "म्हटलं, तोवर शिकेन. नाही शिकले."

ठमीची आई आधी हसली. हसू दाबायला तोंडावर हात धरला, आणि हाताखाली ते हसू कधी रडू झालं ते तिलाच कळलं नाही. तिनं स्वतः चार दिवस काय काय रचलं होतं! सांडलेल्या बाटल्या, लपवलेला ताप, आजीच्या मनात कसली कसली अढी. आणि इथे एक बाई नातीच्या फोटोलासुद्धा बोट टोचू नये म्हणून शब्दाशब्दाला वळसे घालत होती. या बाईच्या हातात ठमी आहे, आणि मी काळजी करते!

"आणा इकडे," तिनं डोळे पुसून स्टूल ओढलं. "बसा शेजारी. आता तुम्ही सांगायचं, मी फक्त दाबणार."

वरच्या पट्टीवरचं चाक, सेटिंग, थीम. रंगांच्या चौकटी उघडल्या.

"हा काळा? त्यावर पांढरी अक्षरं."

"नको. काळ्यावर पांढरं माझ्या डोळ्यांना नाचतं. तो बघ, फिका. सायीच्या रंगाचा. त्यावर अक्षरं ठसठशीत दिसतात."

"आणि हा फोटोवाला काढून टाकते. त्याच्यावर बोट दाबून धरलं की..."

"थांब!" आजीनं तिचं मनगट पकडलं. "काढून टाकते म्हणजे?"

"पुसून टाकते यादीतून."

"ठमीला?"

"फोटो आहे आई. मूळ फोटो आहेच की फोनमध्ये."

"तरी. राहू दे तिला तिथे एका कोपऱ्यात. कुणाला काय त्रास देतेय?"

तेव्हा ठमी थीमच्या यादीत वरच्या ओळीत, नखाएवढ्या चौकटीत हसत राहिली, आणि कीबोर्डवर सायीचा रंग आला. मग कडांचा खटका. या वेळी ठमीच्या आईनं तो चालू केला. प्रत्येक अक्षराभोवती आपापली चौकट उमटली, दोन चौकटींच्या मध्ये बारीकशी फट.

"अगोबाई!" आजी पुढे वाकली. "आता कशी खुणा घातल्यासारखी दिसतात! हे इथे सुरू, हे इथे संपलं. हे आधी का नाही केलंस?"

"तेव्हा मला वाटलं ठमी तुरुंगात दिसते."

"आता तुरुंगात नुसती अक्षरं आहेत. बसू देत."

एका अंगठ्याखाली मात्र अजून दोन-दोन चौकटी येत होत्या. दुकानातल्या इतक्या वर्षांच्या बटणांनी रुंद केलेला अंगठा तो. ठमीच्या आईनं सेटिंगमध्ये परत जाऊन कीबोर्डची उंची बदलायचं पान काढलं. बुटक्यापासून उंचापर्यंत पायऱ्या होत्या. तिनं सरळ सगळ्यात उंच निवडला आणि निरोपाचं पान उघडून दिलं. आजीनं अंगठा टेकवला. बरोबर एकच अक्षर.

"छान. पण अगं, तुझं लिहिलेलं गेलं कुठे?"

कीबोर्ड एवढा वाढला होता की वर निरोपांना जेमतेम एका ओळीची फट उरली होती. आजीचा फोन लहानसाच. सुनेनं विचारलेला प्रश्न तिला दिसणार नव्हता, नुसती स्वतःची अक्षरं दिसणार होती.

"सगळी जागा यानंच खाल्ली," आजी म्हणाली. "पाहुणा बसल्यावर यजमान उभा, असं झालं."

"एक पायरी खाली उतरवते." तिनं उतरवली. आता अक्षरं ऐसपैस होती आणि वरचे तीन-चार निरोपही दिसत होते. सगळ्यात वर अजून ती ओळ होती, हालचाल नाही. दोघींनी ती एकदमच वाचली आणि एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

"लिहा बघू आता. जे लिहायचं होतं ते."

आजीनं पदर खोचला, जसं काही मोठं काम काढलं आहे. अंगठा वर घेतला, क्षणभर थबकला, सवयीनं. मग खाली आला. झ. त्यावर काना-मात्रा चढली, मग प, ल, वेलांटी. प्रत्येक अक्षर तिनं तोंडानं हळू म्हटलं. ओट्यावरच्या पर्समध्ये ठमीच्या आईचा फोन थरथरला.

"झोपली."

"आलं!" ठमीची आई म्हणाली.

"थांब, अजून आहे." आजीची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. बराच वेळ खाली मान घालून ती लिहीत राहिली. परत फोन थरथरला.

"दूध सगळं प्यायली. धडधाकट आहे. तू उगाच धावत आलीस."

संध्याकाळी ठमीचा बाबा घरी आला, त्याला सगळी हकीकत सांगितली, आणि तो ओट्याला धरून हसला. "आई, एक काम करू. फोटोच लावायचा असेल तर ठमीच्या ढुंगणाचा लावू. मग तू दाबलंस काय, चापट्या मारल्यास काय, तिला चालेल!"

"चल, काहीतरीच!" आजी म्हणाली, पण ती हसताना तिचे खांदे हलत होते. "तुझाच लावते त्यापेक्षा. तुझ्या डोळ्यात बोट घालताना मला काही वाटायचं नाही."

ठमी आता जागी होती, म्हणजे घर तिच्या ताब्यात होतं. तिच्या आईनं तिला मांडीवर घेऊन कुस्करलेलं केळं भरवायला घेतलं होतं, आणि ते केळं ठमीच्या तोंडाखेरीज सगळीकडे पोचलं होतं. दोघी कोपरापर्यंत बरबटलेल्या. तेवढ्यात आईचा फोन टेबलावर थरथरला. ठमीच्या बाबानं वाचून दाखवलं. पाळणाघरवाल्या बाईंचा निरोप होता. दुसरे एक पालक आलेत, त्यांना जागा हवी आहे, तुमचं काय ते आजच कळवाल का?

ठमीच्या बाबानं बायकोकडे पाहिलं. आजीनं ठमीच्या पडलेल्या झबल्याची घडी घालायला घेतली, उलगडली, परत घातली.

"माझे हात बघ," ठमीची आई नवऱ्याला म्हणाली. "तो नंबर आईंच्या फोनवर पाठव. आई, तुम्ही लिहा उत्तर."

"मी?" झबलं अर्ध्यातच राहिलं. "मी काय लिहू त्यांना?"

"मी सांगते. लिहा, 'नमस्कार. मी ठमीची आजी.'"

आजी फोन घेऊन तिच्याशेजारी सोफ्याच्या कडेला टेकली. सायीच्या रंगावर तिचा अंगठा एकेका चौकटीत उतरू लागला. मध्येच एक अक्षर चुकलं, तिनं शांतपणे पुसलं, बरोबर टाकलं. "हं. पुढे?"

"'ती जागा दुसऱ्या बाळाला द्या.'"

आजीनं मान वर करून सुनेकडे बघितलं. मग परत खाली बघून तिनं 'द'वर अंगठा ठेवला, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात दाबला.

"'ठमी घरीच राहील.' आणि 'धन्यवाद'. बस."

"धन्यवाद," आजीनं म्हणत म्हणत लिहिलं. पण तिथे थांबली नाही. अंगठा चालूच. बाबा मान लांब करून बघू लागला, तशी तिनं फोन त्याच्यापासून वळवला.

"आई, काय लिहिताय?" ठमीची आई म्हणाली. "संपलं ना?"

"थोडंसं." अंगठा टेकला, उठला, टेकला. मग तिनं पाठवायचा बाण दाबला आणि समाधानानं फोन पुढे धरला.

"नमस्कार. मी ठमीची आजी. ती जागा दुसऱ्या बाळाला द्या. ठमी घरीच राहील. धन्यवाद. आमची ठमी गोड आहे पण तशीही तुम्हाला झेपली नसती."

"आई!" ठमीची आई किंचाळली, केळ्याचा हात तसाच वर धरून. "असं लिहितात का कुणाला!"

"गेलं की," आजी म्हणाली, आणि ठमीच्या नाकावरचं केळं पुसायला पदर पुढे केला.